दिघाशीपुढचं टेकाड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भिवंडीच्या ऑफिसात मी एकटाच बसायचो. माझं काम तपासायलाही कुणी नव्हतं. प्रस्तावित कालव्याच्या रेषेवर, उपग्रहाच्या उंची-नकाशातून दर तीस मीटरला एक उंची घेऊन मी एक्सेलमध्ये आलेख काढला. दिघाशी गावापुढे टेकाड दिसलं. पाणी चढणार नाही म्हणून पलीकडचा पाडा कालव्याच्या आराखड्यातून वगळला.

अहवाल गेल्यावर तिथे गेलो. टेकाड नव्हतंच, सपाट जमिनीवर दाट देवराई होती. उपग्रहाने झाडांचे शेंडेच मोजले होते.

पाड्यावरच्या म्हातारीने विचारलं, "सायेब, पानी येल का न्हाय? का कागदावरच वाहील?"

"बघू, आजी," म्हणालो आणि निघालो. चूक कळवलीच नाही.

जागेवर लेव्हल-यंत्र लावून जमिनीची खरी उंची मोजणं आणि सुधारलेला आलेख देणं अजून माझ्याकडे बाकी आहे.