घोट्याएवढा दुष्काळ

नव्वदच्या दशकात बंगलोरच्या एका शरीररचना विभागात मी जुन्या दफनांतली हाडं मोजायचे. नडगीच्या लांबीवरून माणसाची उंची काढायची. माझ्या आकड्यांत उत्खननाच्या नंतरच्या थरातली माणसं आधीच्यांपेक्षा चांगलीच बुटकी निघाली. शेती आली, मागोमाग उपासमार आली, असा निबंधही मी झोकात लिहून टाकला.

आधीच्या थराची मापं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी घेतलेली, नंतरच्याची मी. त्या बेळगावच्या, कडक. निबंध बाजूला सारून त्यांनी माझ्यापुढे नंतरच्या थरातले जबडे मांडले. "लहानपणी उपासमार झाली की दातांवर आडव्या रेघा उमटतात. दाखव, कुठे आहेत?"

मी एकेक दात पाहिला. रेघा जवळपास नव्हत्याच.

"आता नडगी मोज. माझ्यासमोर."

मी मापनफळीवर हाड ठेवलं आणि सवयीप्रमाणे नडगीच्या खालच्या टोकाचा, आतल्या घोट्याचा उंचवटा सरकत्या पट्टीबाहेर सोडला.

"आणि घोटा कुणी मोजायचा? उंचीच्या सूत्रात तो धरलाय!"

हाडावर सुटलेला दीड सेंटिमीटर उंचीत साडेतीन होतो. रागारागाने मी सगळं पुन्हा मोजलं. दोन्ही थरांतली माणसं सारख्याच उंचीची निघाली.

पोटभर जेवून गेलेल्या त्या माणसांना उपाशी मी ठेवलं होतं.