ओळीच्या उजव्या टोकाला

पोलिसात डावखुऱ्या माणसाची जागा ठरलेली असते. फायरिंगच्या ओळीत सगळ्यांच्या उजवीकडं, शेवटी, मधलं एक टारगेट रिकामं सोडून. डाव्या खांद्यावर बंदूक घेतली तेव्हापासून मी तिथंच झोपून गोळ्या मारते आहे.

उगाच कोणी छळ मांडला नव्हता, कारण सरळ होतं. पोटावर झोपून फायर करताना उजव्या हाताच्या माणसाचे पाय तिरपे डावीकडं जातात, माझे उजवीकडं. मला मधे घातलं की शेजारणीच्या आणि माझ्या पायांची गाठ पडते. शिवाय रायफल गोळीची रिकामी पुंगळी फेकते उजवीकडं. उजव्या माणसाची पुंगळी त्याच्यापासून लांब उडते. माझं तोंडच बंदुकीच्या उजव्या अंगाला, त्यामुळं माझी पुंगळी माझ्या डोळ्यांसमोरून जाते, तापलेली, आणि मागोमाग धूर.

ट्रेनिंगमध्ये मला उजव्या खांद्यावरच बंदूक धरायला लावली होती. "बंदूक उजव्याचीच असते," असं तिथले साहेब म्हणाले. आमच्या तांड्यावर डाव्या हातानं जेवले तर याडी, म्हणजे माझी आई, चमच्यानं बोटं शेकायची. तेच इथंही. पण हात वळवता येतो, डोळा कसा वळवणार? माझा नेमाचा डोळा डावा, आणि तो एकटा मला मिटताच येत नाही. कागदाचं टारगेट कोरं परत यायचं. पोरी हसायच्या, "हिची गोळी आर्णीला गेली वाटते!" मीही हसायची. हसून झालं की संडासात जाऊन रडायची, खोटं कशाला बोलू?

यवतमाळच्या मुख्यालयात आले तेव्हा तिथं एक हवालदार होते, फायरिंग शिकवायचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. पान खाऊन ओठ लाल, आवाज फाटका. माझं कोरं टारगेट त्यांनी उन्हात धरून पाहिलं अन् विचारलं, "जेवतं कोन्या हातानं?"

"उजव्या."

"घरी कोनी नसलं तं?"

मी डावा हात पाठीमागं नेला. ते म्हणाले, "मंग मले काहून फसवून राह्यली वं? घे डाव्या खांद्यावर, अन् ओळीच्या उजव्या टोकाले जा."

त्या दिवशी माझ्या गोळ्या पहिल्यांदा कागदावर लागल्या. आणि त्याच दिवशी मी एकाचा जीव घेता घेता राहिले.

गरमी फार म्हणून मी बाह्या दुमडल्या होत्या. पुढची पकड उजव्या हाताची. एक पुंगळी सरळ येऊन कोपराच्या खोबणीत बसली. आई गं! निखारा ठेवल्यासारखं झालं. मी हात झटकला, बंदुकीचा पुढचा आधार गेला, नळी डावीकडं फिरली, जिकडं सगळी ओळ झोपली होती. डावं बोट ट्रिगरवरच. उस्ताद माझ्या मागंच उभे होते. त्यांनी वाकून नळी मातीत दाबली अन् ओरडले, "बोट काढ! सेफ!"

सेफ कुठून करणार? त्या एसएलआर रायफलीची सेफ्टीची खिट्टी डाव्या अंगाला, उजव्या अंगठ्याखाली येईल अशी. माझा अंगठा पलीकडल्या बाजूला. मला ट्रिगरचंच बोट उचलून खिट्टी शोधावी लागली, ती सापडेना. शेवटी त्यांनीच खिट्टी फिरवली.

सगळ्यांसमोर शिव्या खायची तयारी ठेवली होती मी. ते जवळ बसले नि हळूच म्हणाले, "चटक्यानं कोनी मरत नाई, पोरी. गोळीनं मरते. जळलं तं जळू दे. आधी बोट बाहेर, मंग सेफ, मंग बोंबल."

तेव्हापासून बाह्या खाली, गळ्याचं बटण बंद, डोळ्याला चष्मा, टोपी पुढं ओढलेली. सेफचा सराव त्यांनी रिकाम्या बंदुकीवर इतका घेतला की माझं बोट आधी ट्रिगरच्या बाहेर सरळ होतं, मग खिट्टीवर जातं, आपोआप. दर फायरिंगला ते त्या टोकाला माझ्या मागं येऊन उभे राहायचे. बाकीच्या ओळीत पोरींच्या गप्पा, चिडवाचिडवी चालायची. माझ्याकडं फक्त त्यांच्या पानाचा वास यायचा. मला तेवढं पुरायचं.

एकदा मुख्यालयात नवी बंदूक दाखवायला आणली होती. सेफ्टीचं बटण दोन्ही अंगांना. उस्तादांनी मला पळतच बोलावलं, "ये, तुयी बंदूक आली पाय!" अंगठा ठेवला अन् बटण लगेच सापडलं. पण पुंगळी तिचीही उजवीकडंच. "बाह्या दुमडू नको मंग," ते म्हणाले. ती बंदूक दुसरीकडं गेली, आमच्याकडं कधी आलीच नाही.

उस्ताद बंदोबस्तावर असताना गेले. खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. नोकरीत असताना गेले म्हणून गावी मानवंदना द्यायची ठरली, हवेत तीन फैरी. मी मोठ्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिले, "मला त्या ओळीत घ्या, साहेब."

साहेब चांगला माणूस. म्हणाले, "बाई, सलामीला जुनी थ्री नॉट थ्री रायफल. दर फैरीला नवी गोळी चढवायला बोल्टचा दांडा हातानं ओढावा लागतो अन् तो आहे उजवीकडं. डाव्या खांद्यावरून तू तो कसा ओढशील? डावा हात वरून टाकला की तू ओळीत वेगळी दिसशील. उजव्या हातानं ओढला की पुढचा आधार सुटेल, नळी खाली येईल. शेजारी माणसं खेटून उभी असतात."

बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, "उजव्या खांद्यावरून मारते."

"तुझा तर नेम..."

"आभाळाला कशाचा नेम, साहेब?"

त्यांनी पटांगणात रिकाम्या बंदुकीवर माझ्याकडून बोल्ट ओढून घेतला. मग मान डोलावली.

आर्णीकडं त्यांचं गाव. कपाशीच्या कडेला सरण रचलं होतं. ओळीत मी मधे उभी होते, दोन्ही बाजूंना माझ्याच खात्याची माणसं, खांद्याला खांदा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उजवा खांदा, उजवं बोट. हुकूम झाला, फैर झाली. बोल्ट ओढला तशी पुंगळी माझ्यापासून दूर, उजवीकडं जाऊन पडली. तोंडासमोरून काही गेलं नाही, धूर नाही, चटका नाही. दुसरी फैर, तिसरी फैर. बोट बाहेर, बोल्ट उघडा, सेफ. कोणाला काही वेगळं दिसलं नाही. जन्मभर सगळ्यांना मी जशी पाहिजे होते, तशी मी झाले होते.

आणि मला इतकं एकटं कधीच वाटलं नाही. सवयीनं मी कान मागं लावला होता. मागं गावातली माणसं होती, कोणीतरी नाक ओढत होतं. पानाचा वास काही आला नाही.

पुढच्या फायरिंगला नवे हवालदार होते. माझं नाव वाचून म्हणाले, "तुला मधे घेऊ का? उजव्यानं जमतं म्हणे तुला."

"नाही जमत," मी म्हटलं, आणि बाह्या खाली ओढून उजव्या टोकाला जाऊन झोपले.