कुशाबाईचं गरगटं

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला, त्याच्या मागोमाग कामगारांची वसाहत वसली, आणि तळवड्याच्या कुशाबाईला वाटलं, आता आपल्या भाजीला पाय फुटले. नवरा धर्माजी बैलगाडीतून टोपल्या आणून वसाहतीच्या फाटकाजवळ लिंबाखाली उतरवायचा. कुशाबाई गोणपाट अंथरून बसायची. मेथी, चुका, पालक, कोथिंबीर, चाकवत. जुडी आण्याला. पहिले काही महिने दुपार कलायच्या आत टोपल्या रिकाम्या होत.

बाई मोठी हसरी. कुणी भाव करायला लागलं तर तिलाच आधी हसू फुटायचं. आणि त्या हसण्यानंच एकदा घात केला.

एका संध्याकाळी बरीच मेथी उरली. धर्माजीनं बैल जुंपले होते, तो घाई करत होता. कुशाबाईच्या अंगात काय आलं कोण जाणे, ती उभी राहिली आणि पदर खोचून ओरडली, "लुटा गं लुटा! जुडी दोन पैशाला! मेथी लुटा!"

वसाहतीतल्या बायका धावल्या. हातात पीठ, केस अर्धे विंचरलेले, एकीच्या कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात उलथनं. क्षणात टोपली पालथी. घरी जाताना कुशाबाई गाडीत हसून हसून लोळली.

"कशा फसवल्या साऱ्याजणी! उरलेली मेथी गळ्यात मारली!" ती म्हणाली.

"कुणी कुणाला?" धर्माजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी गिऱ्हाईक तुरळक. पण सूर्य कारखान्याच्या धुराड्यामागं कलला, तशा बायका लिंबाखाली जमायला लागल्या. भाजी घ्यायला म्हणून नव्हे, अगदी सहज. एकीला अचानक तिथंच अंबाडा घट्ट करायचा होता. दोघींना नेमक्या तिथंच उभं राहून एका चुलतभावाच्या मुंजीची गोष्ट सांगायची होती. या सगळ्यांच्या पुढारी सुभद्राबाई. साताऱ्याकडच्या, नवरा कारखान्यात कारकून, जिभेला चांगलं वळण. पिशवी पदराखाली लपवून त्या झाडाच्या शेंड्याकडं बघत उभ्या राहायच्या, जणू पोपट मोजतायत. आजूबाजूच्या शेळ्याही आता संध्याकाळीच यायला लागल्या.

"तुझी भाजी सूर्यावर चालती," धर्माजी म्हणाला. "दिस मावळंल तसा भाव मावळतो. मग सकाळी कोण मूर्ख घील?"

कुशाबाईनं ठरवलं, भाव उतरवायचाच नाही. त्या संध्याकाळी लिंबाखाली लढाईच झाली. बायका उभ्या, कुशाबाई बसलेली, मधे मेथी.

"कोमेजली गं तुझी मेथी," सुभद्राबाई म्हणाल्या.

"कोमेजू द्या. तिचा भाव न्हाई कोमेजत."

दिवे लागले. कुणी हललं नाही. शेवटी बायका हात हलवत गेल्या आणि मेथी घरी म्हशीच्या पुढ्यात पडली. असं लागोपाठ झालं. म्हैस भलतीच खूश. धर्माजी दूध पिऊन म्हणायचा, "आज कोथिंबिरीची चव हाय!" कुशाबाईला हसूही येई आणि बुडालेले पैसेही आठवत. एका संध्याकाळी तिचा धीर सुटला. "घ्या बाई, दोन पैशाला घ्या!" म्हणाली. बायकांनी असा जल्लोष केला की पहारेकरी फाटकातून बाहेर आला. हे तर आधीपेक्षा वाईट झालं. आधी त्यांना कळलं होतं, थांबलं की स्वस्त मिळतं. आता कळलं, हट्टानं थांबलं की नक्की मिळतं.

त्या रात्री तिनं टोपलीच्या तळाची पानं गोळा केली. चुक्याची चार, मेथीची मूठभर, पालक, चाकवत. डाळ-दाण्यात घोटून, वरून लसणाची फोडणी देऊन गरगटं केलं. धर्माजी भाकरी मोडत म्हणाला, "भाजी कशाची?"

"सगळ्याची."

"मेथी हाय?"

"आसंल."

तो पुढं काही न विचारता जेवत राहिला. कुशाबाईचा घास हातातच थांबला.

"अवं," ती म्हणाली, "ज्याला गरगटं खायचंय, तो मेथी किती ते इचारत न्हाई. आन् ज्याला मेथीच पायजे, त्याचं गरगट्यानं भागत न्हाई!"

"मग?"

"मग मेथी सस्ती कशाला करायची? उरलेली मेथी मेथी म्हणून इकायचीच न्हाई!" आणि ती अशी हसली की धर्माजीला ठसका लागला.

दुसऱ्या दिवसापासून रीत बदलली. आधी म्हणजे तिनं माल कमी आणला, खपेल तेवढाच. जुडी सकाळी आण्याला आणि संध्याकाळीही आण्याला. ओल्या गोणपाटाखाली जुड्या झाकायच्या, पण पाणी ओतून भिजवायच्या नाहीत, नाहीतर पानं सडतात. दुपार कलली की जी जुडी खपेलसं दिसत नाही तिचा बंध सोडायचा. कोमेजून जायच्या आत, पान अजून जिवंत असतानाच. काड्या, पिवळी पानं काढून सगळं दोन्ही हातांनी कालवायचं आणि पळसाच्या पानावर वाटे मांडायचे. वाटा दोन पैशाला. आत काय ते विचारायचं नाही, निवडायचं नाही. उरलं तर वाटा, नाहीतर नाही.

सुभद्राबाईंनी लगेच डाव टाकला. "मला नुसत्या मेथीचा वाटा लाव."

"लावते की," म्हणत कुशाबाईनं त्यांच्या डोळ्यांदेखत ढीग पुन्हा कालवला. मेथी चाकवतात बुडाली.

"अगं, त्या कोपऱ्यात दिसतेय मेथी!"

"कोपरा फिरला, वहिनी!" पुन्हा दोन्ही हात. बायकाही हसायला लागल्या, सुभद्राबाईंनाही ओठ दाबावे लागले.

त्यातूनही वाटे उरले तर ते मागच्या वाटेनं रंगरावांकडं जायचे. रंगराव बीडकडचे, कारखान्याजवळ त्यांची खानावळ. रोजच्या आमटीत त्यांना काहीही हिरवं चालायचं. भाव आधीच बांधलेला, आणि वसाहतीत कुणाला पत्ता नाही. बायकांना दिसायचं इतकंच, की कुशाबाईची टोपली भाव न उतरता रिकामी झाली.

तरी सुभद्राबाईंना खात्री होती, ही बाई एक ना एक दिवस मोडणार. आणि नेमका तेव्हाच त्यांच्या घरी पेच आला. त्यांची पुतणी शालन शिकायला त्यांच्याकडं राहत होती. तिला बघायला बारामतीचे दौलतराव, बायको आणि मुलाला घेऊन रात्रीच्या जेवणाला येणार होते. दौलतरावांना मेथीची पातळ भाजी फार आवडते, असा निरोप आधीच आला होता.

"काकू, आत्ता सकाळीच मेथी आणू?" शालननं विचारलं.

"संध्याकाळी आणते मी. आज उतरेल बघ भाव."

संध्याकाळी त्या लिंबाखाली आल्या, तर टोपल्यांत एकही जुडी नाही. पाळीवरून सुटलेल्या कामगारांनी सगळी मेथी आण्याच्या भावानं उचलली होती. तेवढ्यात चिंचवड स्टेशनाकडून टांगा येऊन त्यांच्या दारापुढं थांबला. आतून फेटा दिसला.

"कुशाबाई! एक जुडी! दोन आणे देते!"

"चार दिलं तरी न्हाई, वहिनी. मेथीच न्हाई. वाटा हाय शेवटचा."

"पाहुण्यांना वाटा?"

"डाळ-दाणे घाला, चांगलं घोटा, लसूण सढळ हातानं. पळा!"

सुभद्राबाई खरोखर पळाल्या. वसाहतीनं त्यांना पळताना पहिल्यांदाच पाहिलं.

पाट मांडले गेले. दौलतरावांनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. त्यांनी दुसरा घास घेतला, मग वाटी पुढं केली. मग पुन्हा केली.

"भाजी कसली म्हणायची ही?" त्यांच्या बायकोनं विचारलं.

"आमच्याकडची खास," सुभद्राबाई म्हणाल्या. "मुद्दाम करवून घेतली."

भाकऱ्यांची टोपली घेऊन आलेल्या शालनला हसू आवरेना. तिनं ओठ चावले, खांदे हलायला लागले, आणि टोपलीतली वरची भाकरी थेट मुलाच्या ताटात पडली.

"काय झालं?" मुलानं विचारलं.

"ती खास भाजी म्हणजे उरलेल्या भाज्यांचा वाटा आहे!" शालन म्हणाली. "काकू स्वस्तात मेथी मिळेल म्हणून संध्याकाळपर्यंत थांबल्या, आणि मेथी संपली!"

सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. मग मुलगा हसायला लागला. दौलतराव इतके हसले की फेटा सुटला. "माझी आई अस्संच गरगटं करायची," डोळे पुसत ते म्हणाले. "आज तिच्यानंतर पहिल्यांदा खाल्लं. पोरगी खरं बोलती, मला पसंत!"

सकाळपर्यंत ही गोष्ट वसाहतभर झाली, आणि नवंच संकट उभं राहिलं. संध्याकाळी लिंबाखाली पुन्हा झुंड! या वेळी सगळ्यांना वाटाच हवा. जुडीकडं कुणी ढुंकून बघेना.

धर्माजीनं कपाळाला हात लावला. "झालं! आता वाट्यासाठी थांबत्यात. पुन्हा तेच!"

कुशाबाईनं गर्दीकडं पाहिलं, आणि तिला असं हसू आलं की तिला लिंबाला टेकावं लागलं. मग ती ओरडली, "वाटा दीड आण्याला!"

"काय?" सुभद्राबाई पुढं आल्या. "अगं, जुडी आण्याला आणि उरलेलं दीड आण्याला?"

"उरलेलं न्हाई, वहिनी. निवडलेलं. काड्या मी काढल्या, पिवळं पान मी टाकलं, पाच भाज्या मी मिसळल्या. घरी नेऊन नुसतं चुलीवर टाकायचं. तुमाला निवडायचंय? ही घ्या जुडी आण्याला."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एकीनं वाटा उचलला, तिला लगेच नवऱ्याला जेवायला वाढायचं होतं. दुसरीनं नाक मुरडलं आणि जुडी घेतली. तिसरी म्हणाली, "थांबून फायदाच काय मग? उद्या सकाळीच येते." कुशाबाईला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं सकाळीच ताज्या पानांचे वाटे लावले, त्याच भावानं. संध्याकाळचं उरलेलं तसंच मागच्या वाटेनं रंगरावांच्या आमटीत.

शालनचं लग्न चिंचवडला झालं. आदल्या दिवशी दौलतरावांचा निरोप आला होता, पंगतीला गरगटं हवं. कुशाबाई आणि धर्माजी पहाटेच गाडी भरून निघाले. पंगतीत सुभद्राबाई स्वतः वाढत होत्या आणि दर ताटापुढं म्हणत होत्या, "घ्या हो, आमच्या कुशाबाईचं आहे. महाग असतं!"

परतीच्या वाटेवर टोपल्या रिकाम्या. धर्माजीनं कधी न म्हटलेलं गाणं सुरू केलं, सूर पार चुकलेला. कुशाबाईनं त्यात आपला आवाज मिसळला, तोही चुकलेला. बैलांनी कान टवकारले आणि उतार लागताच आपणहून दौडायला सुरुवात केली. टोपल्या गाडीत इकडून तिकडं उड्या मारत होत्या.

"अगं धर!" धर्माजी ओरडला.

"कशाला?" हसता हसता कुशाबाई म्हणाली. "सांडायला आत हाय काय?"