माती ओढत नाही

माझी थोरली बहीण स्ट्रक्चरल इंजिनिअर होती. नव्वदच्या दशकात राजारामपुरीत तिनं स्वतःचं ऑफिस थाटलं, तेव्हा कंत्राटदार आत डोकावून विचारायचे, "साहेब न्हाईत काय?" ती मान वर न करता म्हणायची, "मीच साहेब. बसा." पुढं मीही त्याच शाखेची डिग्री घेऊन तिच्या समोरच्या टेबलावर बसले. लोक तिला मॅडम म्हणत आणि मला धाकट्या मॅडम.

कॉलेजात मला एक धडा काही केल्या उमगत नव्हता. जमिनीवर टेकलेली लांब तुळई, तिच्यावर एकाच जागी जड भार; तुळई किती खचेल आणि खालची माती कुठं किती उलटा रेटा देईल? पुस्तकात मातीच्या जागी स्प्रिंगांची रांग काढलेली असायची. ताईनं एका रविवारी जुन्या बॉलपेनांतल्या स्प्रिंगा प्लायवूडच्या फळीवर ओळीनं चिकटवल्या, त्यांच्यावर स्टीलची पातळ पट्टी चिकटवली आणि मला म्हणाली, "दाब मधोमध."

मी बोटानं दाबलं. बोटाखालची स्प्रिंग सगळ्यात जास्त दबली, शेजारच्या त्याहून कमी, पुढच्या आणखी कमी. आणि लांब टोकाकडं पट्टी चक्क केसभर वर उचलली गेली.

"जिथं जितकं खचलं, तिथं तितका मातीचा रेटा," ताई म्हणाली. "सगळ्या स्प्रिंगांचा रेटा मिळवलास की तुझ्या बोटाचा भार यायला पाहिजे. नाही आला, तर कुठंतरी चुकलीस."

"आणि टोकाला उचललंय ते?"

"तिथली स्प्रिंग पट्टीला खाली ओढतीय, कारण मी ती चिकटवलीय. माती चिकटलेली नसती. माती ढकलती, ओढत नाही. म्हणून गणितात जिथं ओढ येईल, तिथली स्प्रिंग काढून टाकायची आणि परत गणित करायचं. लक्षात ठेव."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पेनं मोडून ठेवलीत व्हय गं सगळी?"

दोन हजार साल उलटल्यानंतरची गोष्ट. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला नवी शेड बांधायची होती. जागा काळ्या मातीची. एका बाजूला पायाची काँक्रीटची लांब पट्टी, तिच्यावर नुसती पत्र्याची भिंत आणि बरोबर मध्ये क्रेनचा एक जड खांब. म्हणजे तोच धडा, फक्त खराखुरा. ताईनं ते काम स्वतःकडं ठेवलं. आता कॉम्प्युटर होता. स्प्रिंगांचे आकडे भरले की उत्तर छापून यायचं.

तिनं तो कागद सही करून माझ्याकडं ड्रॉइंगसाठी सरकवला. मी वाचत गेले. दोन्ही टोकांच्या स्प्रिंगांपुढं उणे आकडे होते. पट्टीचं स्वतःचं वजन धरूनसुद्धा उणे. म्हणजे टोकं उचलली जात होती आणि कागदावरची माती त्यांना खाली ओढून धरत होती.

"ताई, इथं ओढ आलीय. ह्या स्प्रिंगा काढायच्या राहिल्या बघ."

तिनं कागद घेतला. बराच वेळ बघितला.

"काढायच्या कशाला?"

मला वाटलं, परीक्षा घेतीय. मी हसून म्हणाले, "माती ओढते व्हय?"

"ओढते की," ती शांतपणे म्हणाली. "आकडा आलाय ना."

तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. तो कागद मी माझ्या खणात ठेवला आणि घरी जाऊन मूळ आकडे तपासले. मातीचा ताठरपणा, पट्टीची रुंदी आणि दोन स्प्रिंगांमधलं अंतर, या तिघांचा गुणाकार करून एका स्प्रिंगचा आकडा निघतो. ताईनं दोन मीटरची रुंदी दोनदा गुणली होती. कागदावरची माती दुप्पट ताठ झाली होती. त्यामुळं खचणं खूपच कमी दिसत होतं, सळयाही कमी लागतील असं दिसत होतं. आणि शेजारच्या आकृतीत तिनं भाराखाली खचलेली नव्हे, वर फुगलेली रेष काढली होती. माझ्या ताईनं.

त्याच आठवड्यात तिनं रिक्षावाल्याला डावीकडं म्हणून उजवीकडं हात दाखवला. सुट्टे पैसे मोजताना ती थांबली आणि पर्स माझ्याकडं दिली. मी आईला म्हटलं, ताईला डॉक्टरकडं न्यायला हवं.

"दमलीया पोर," आई म्हणाली. "रातंदिस त्ये कागद. दुसरं काय?"

मिरजेला स्कॅन झालं. मेंदूत डाव्या बाजूला मागं गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आकडे, डावं-उजवं, हे सगळं तिथंच असतं. मग त्यांनी विचारलं, "यांचा व्यवसाय काय?" मी सांगितलं.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली नाही.

इकडं फाउंड्रीच्या मालकांचे फोन सुरू होते. "धाकट्या मॅडम, खड्डा उघडा पडलाय. पावसानं पाणी भरलं की काय करायचं सांगा." मी गणित पहिल्यापासून केलं. रुंदी एकदाच गुणली. ओढणाऱ्या स्प्रिंगा काढल्या, परत चालवलं, आणखी एक ओढायला लागली, तीही काढली. मग कुठंच उणं राहिलं नाही. रेट्यांची बेरीज भाराशी जुळली. खांबाखालचं खचणं आधीच्या दीडपटीहून जास्त आलं, तरी काळजी करण्याइतकं नव्हतं. सळया वाढवल्या. खाली पहिल्यांदा माझी सही केली.

काँक्रीट ओतायच्या दिवशी ताई म्हणाली, "मी येणार." डोक्याला रुमाल बांधून ती रिक्षातून उतरली. मालक धावत आले, खुर्ची मागवली. "मॅडम, तुमच्याच हातानं नारळ फोडा." तिनं फोडला. मग सळयांच्या जाळीकडं बघत मला विचारलं, "किती खचेल गं?"

मी आकडा सांगितला. मला वाटलं, आता ती विचारेल की ताठरपणा कुठला घेतलास, बेरीज जुळली का, टोकं उचलतात का. तशी ती नेहमी विचारायची, अगदी नको होईपर्यंत.

"बरं," ती म्हणाली. "तुला कळतंय ना, मग झालं." घर बांधून घेणारा एखादा माणूस म्हणतो तसं.

मी पाण्याच्या टँकरमागं जाऊन उभी राहिले. मिक्सरच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत ती गेली. शेवटी शेवटी तिला आकड्यांचं काहीच वाटेनासं झालं होतं. आई तिला भात भरवायची. ती खिडकीतून गल्लीतल्या पोरांचं क्रिकेट बघत बसायची. कधी माझा हात हातात घेऊन बोटं एकेक करून चाचपायची, जशी काही त्यांची नावं विसरली होती.

शेड पूर्ण झाली. क्रेन बसली. पहिल्यांदा पूर्ण भार उचलला त्या दिवशी मी उंचीतला फरक मोजायचं लेव्हल मशीन लावून पट्टीवरच्या खुणा वाचल्या. खांबापाशी सगळ्यात जास्त, दोन्ही बाजूंना कमी कमी होत गेलेलं, टोकांना काहीच नाही. माझ्या गणिताहून थोडं कमीच खचलं होतं. मालकांनी पेढे वाटले.

आकडे घेऊन मी ऑफिसवर आले. कुलूप उघडलं, पंखा लावला. समोरचं ताईचं टेबल आईनं आदल्या दिवशी येऊन पुसून ठेवलं होतं. ते आकडे मला कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवायचे होते. आईला फोन लावला.

"बोल की," ती म्हणाली.

"काही नाही. काम चांगलं झालं."

"व्हय?" ती म्हणाली, आणि मी फोन कानाशी धरूनच आकड्यांचा कागद समोरच्या टेबलावर ठेवला.