काळी एक

आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे अर्ज किंवा पत्र, एवढंच आम्हाला ठाऊक. आठवणी लिहाव्यात असं माझ्या हातून काही घडलेलंही नाही. जे घडलं ते एका पेटीबद्दल आहे, आणि ते ज्यांना सांगायचं होतं त्यांना मी वेळेवर सांगितलं नाही. म्हणून इथं लिहितो आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

२००८ साली मी पुण्याजवळच्या लवळ्याच्या टेकडीवरच्या एका संस्थेत गेम बनवण्याचं शिक्षण घेत होतो. हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नव्हती, म्हणून टेकडीखालच्या गावात खोली घेतली होती. खोलीचे मालक शेती करायचे. त्यांचे वडील, आबा, ओसरीवर बसलेले असायचे. आबांनी तीस वर्षं भाताची गिरणी चालवली होती. त्या धडधडीनं त्यांचा एक कान जवळजवळ गेला होता आणि दुसऱ्याची त्यांना काळजी असायची. बोलणाऱ्याकडं ते तो बरा कान करायचे. गावच्या भजनी मंडळात पेटी तेच वाजवायचे. वाजवताना डावा हात भात्यावर असला तरी मधूनच तो पेटीच्या फळीवर सपाट ठेवायचे. म्हणायचे, "कानाला जे कळत न्हाई ते हाताला कळतं."

शेवटच्या वर्षाला आम्हा तिघांना मिळून एक भीतीचा गेम करायचा होता. गटप्रमुख मुलगी नागपूरची होती. तिनं एका बंद पडलेल्या सरकारी दवाखान्याचा लांबलचक कॉरिडॉर काढला होता. खेळणाऱ्यानं हातात टॉर्च घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, बस्स. मध्ये भूत नाही, काही नाही. दुसरा मुलगा प्रोग्रॅमिंग करायचा. आवाज माझ्याकडं होता.

पहिल्यांदा मी त्यात सगळं भरलं. किंकाळी, दार करकरणं, पैंजण, कुत्र्याचं रडणं. वर्गातल्या मुलांना हेडफोन लावून खेळायला दिलं तर ती हसायला लागली. एक जण म्हणाला, "भावा, यात आता फक्त वरात यायची राहिली." प्रमुख हसली नाही, पण तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. आमच्या शिक्षकांनी एवढंच सांगितलं, की सगळं काढ आणि कॉरिडॉर रिकामा ठेव. खाली एक न संपणारा सूर राहू दे, आणि वर क्वचित काहीतरी. माणूस पुढच्या आवाजाची वाट बघायला लागला, की तुझं काम झालं.

मग मी शिकत गेलो. नळाचा एक थेंब. माझ्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर नाण्यानं मारलेला एक टोला. ओल्या चपलेचं फरशीवरून एकदाच सरकणं. प्रत्येक आवाजातला वरचा, धारदार भाग कापला की तो दूर गेल्यासारखा वाटतो, आणि त्याला थोडा घुमारा दिला की कॉरिडॉर लांब होतो. हे आवाज ठरावीक वेळानं न येता कधी वीस सेकंदांनी, कधी पन्नास सेकंदांनी, आणि बहुतेक पाठीमागून यावेत अशी सोय प्रोग्रॅमिंगवाल्या मित्रानं करून दिली.

खालचा सूर मात्र जमेना. कॉम्प्युटरवर तयार केलेला सूर फ्रीज चालू असल्यासारखा वाटायचा. दोन सूर एकमेकांपासून अगदी किंचित ढळलेले असले तर त्यांच्यात एक संथ लाट उठते, आवाज फुगतो आणि ओसरतो. ती लाट पोटात जाणवते. पण ती जिवंत सुरातून हवी होती. एके दिवशी दुपारी आबांच्या पेटीचा आवाज ऐकला आणि वाटलं, हाच.

आबांनी पेटी लगेच दिली. म्हणाले, "ने की. पर ह्याचं करनार काय?"

"आबा, त्यातून भीती वाटेल असा आवाज काढायचाय."

"माज्या पेटीला घाबरायचं?" ते हसले. "मंडळातले समदे माज्या गळ्याला घाबरत्यात. झालं की मलाबी ऐकव."

ऐकवतो म्हणालो.

खोलीत दार लावून मी एकेक पट्टी दाबून ऐकली. सगळ्यात भरदार आवाज खालच्या काळी एकचा, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा होता. तीच निवडली. तीच का भरदार होती, हा विचार मी केला नाही. आबा काळी एकमध्ये गायचे. ती पट्टी त्यांचा सा होती, आणि वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त तीच दाबली गेली होती.

रेकॉर्डिंग केलं, त्याची नक्कल काढून किंचित उतरवली आणि दोन्ही एकत्र वाजवली. लाट उठली, पण दोन्हीतला भात्याचा श्वास एकच होता, त्यामुळं ते यंत्रासारखं वाटलं. पेटीत प्रत्येक पट्टीखाली हवेनं थरथरून वाजणाऱ्या पितळेच्या दोन पत्त्या होत्या, एकाच सुरात लावलेल्या. मला वाटलं, यातली एकच थोडी उतरवली तर खरी लाट मिळेल. पत्ती मुळाशी खरवडली की सूर उतरतो आणि टोकाशी खरवडली की चढतो, हे मी वाचलं होतं. म्हणजे काम झाल्यावर टोकाशी खरवडून परत जागेवर आणता येईल. मला ते अगदी सरळ वाटलं. मी बारीक कानस आणली आणि पेटी उघडली.

आवाज सुंदर आला. आजही हे लिहिताना लाज वाटते, पण तो सुंदर होता. दर दोन सेकंदांनी एक लाट. तो मी एक सप्तक खाली नेला, म्हणजे लाटही दुप्पट संथ झाली. एक तुकडा एकेचाळीस सेकंदांचा आणि दुसरा सत्तावन्नचा घेऊन दोन्ही एकत्र फिरत ठेवले, म्हणजे तोच जोड लवकर परत येत नाही आणि कानाला सांधा सापडत नाही. वरातीवरून हसणाऱ्या त्या मुलानं अर्ध्या कॉरिडॉरमध्ये हेडफोन काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, "पंखा लाव रे जरा." गटप्रमुख मुलीनं मला कँटीनमध्ये चहा पाजला.

पत्ती मात्र जागेवर आली नाही. टोकाशी खरवडली तर सूर चढत चढत जवळ आला, पण पितळ इतकं पातळ झालं होतं की पुढं हात लावायची हिंमत झाली नाही. चार-पाच सेकंदांनी येणारी एक हलकी लाट राहिलीच. मला वाटलं, गिरणीत गेलेल्या कानांना एवढं काय कळणार. झाकण लावून, पुसून पेटी परत दिली.

परीक्षेला बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. त्यांना आमचा कॉरिडॉर आवडला. सूर कसा मिळवला असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी कानशीची गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगितली. ते म्हणाले, "तीच पट्टी दोनदा वेगवेगळी रेकॉर्ड करायची, आणि एक कॉम्प्युटरवर उतरवायची. दोन वेगळे श्वास मिळाले असते. पेटी कुणाची होती?"

मी म्हणालो, घरमालकांची. गुण चांगले मिळाले.

त्याच आठवड्यात एकादशीचं भजन होतं. मी मागं बसलो होतो. आबांनी सा धरला आणि गायला सुरुवात केली, तोच थांबले. पुन्हा धरला. मान वळवून बरा कान पेटीकडं केला. मग फळीवर तळहात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

पखवाजवाले म्हणाले, "आबा, झोप लागली का काय?"

"सूर हालतुया," आबा म्हणाले.

"आमाला तर काय हाललेलं दिसंना. तुमचंच वय हालतंय." सगळे हसले. आबाही हसले. मग त्यांनी मला पुढं बोलावलं.

"पोरा, तू आवाजाचंच शिकलायस. खरं सांग. ह्ये पेटीत हाय का माज्या कानात?"

त्यांनी पट्टी दाबून धरली. लाट स्पष्ट होती. मीच तयार केलेली, मीच राहू दिलेली. सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. लवकरच पदवी हातात येणार होती, आणि या माणसांत मी शिकलेला म्हणून ओळखला जात होतो.

"मला तर नीट वाटतेय, आबा."

त्यांनी मान हलवली. "मग कानच," म्हणाले. रागानं नाही. ज्याची भीती होती तेच झालं, अशा सुरात. त्यांनी पेटी शेजारी बसलेल्या आपल्या पुतण्यापुढं सरकवली आणि स्वतः टाळ घेतले. पुतण्या पांढरी चारमध्ये गायचा, त्याला ती पट्टी क्वचितच लागायची. नंतरच्या भजनांना आबा टाळच वाजवायचे. पुढं पुढं भजनही ते ओसरीवरूनच ऐकायला लागले. त्यांना गेम ऐकवायचा राहिला. त्यांनी एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, कॉम्प्युटर बिघडलाय. दुसऱ्या कुठल्या आवाजात नाही, पण त्या आवाजात त्यांनी आपला सा ओळखला असता.

मला हैदराबादला मोबाइल गेमच्या कंपनीत नोकरी लागली. तिथं मी फुगे फुटण्याचे आणि नाणी पडण्याचे आवाज करायचो. खोली सोडताना आबांच्या पाया पडलो, तेव्हाही सांगता आलं असतं. रविवारी फोन करून सांगावं असं मी दीड वर्ष ठरवत होतो. नंबर लावायचो आणि एक रिंग जायच्या आत बंद करायचो.

शेवटी फोन मालकांचाच आला, २०१० च्या उन्हाळ्यात. खोलीत माझी राहिलेली पुस्तकं रद्दीत घालू का, हे विचारायला. मी आबांची चौकशी केली.

"हायेत. पर आता दोनी कान गेले. पाटीवर लिहून बोलाया लागतं," ते म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "अन् त्यांची ती पेटी. त्यांच्या पुतण्यानं पुण्याला दुरुस्तीला नेलेली, भात्याला. त्यो कारागीर म्हनला, काळी एकची पत्ती कुणीतरी कानशीनं घासलीया. कुणी घासली काय म्हाईत. नवी बसवून दिली त्यानं."

मी विचारलं, "आबांना सांगितलं?"

"पाटीवर लिहून दावलं की. त्यांनी पेटी म्होरं घेतली, पट्टी दाबली अन् फळीवर हात ठिवला. लई येळ. मग म्हनले, आता हालत न्हाई. म्हंजी तवा माजा कान बरा व्हता."

पुस्तकांचं काय करू, असं त्यांनी दोनदा विचारलं.