फुगा आलेली गोधडी
माझ्यावर सर्वांत जास्त उपकार मोठ्या आईचे, म्हणजे थोरल्या काकूचे. गोधड्या शिवून तिने मला बी.ए. केलं. आता तिचे हात कापतात, म्हणून माझ्या लेकीची गोधडी तिच्याच जुन्या सुती लुगड्यांतून मीच शिवायला घेतली. पट्टीने रेघा आखून बोटभर अंतरावर धावदोरा घातला. एकही ओळ वाकडी नव्हती, तरी मधोमध फुगा आला! वैतागून मोठ्या आईला फोन केला.

"आधी कच्चे टाके घातले होते काय गा?"

"नाही."

"मंग थर सरकणारच न! बी.ए. शिकून हे नाही समजत तुले? उसव समदं. मधातून कडेकडे हात फिरव, कच्चे टाके घाल, मंग शिव."

तीन रविवारचं काम उसवलं. पुन्हा शिवून झाल्यावर पत्र धाडलं: "मोठी आई, गोधडी सपाट झाली. कडेचे चार टाके वाकडे आहेत, पण आता उसव म्हणू नकोस. पोरगी रांगायला लागली."