मागच्या दाराचा जुना पासवर्ड

आमच्या घराच्या वायफायचा पासवर्ड म्हणजे सासऱ्यांचा मोबाईल नंबर होता. सासऱ्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची आणि त्यांचा नंबर सगळ्या वस्तीला तोंडपाठ. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीला टेकून चार-पाच जण आमच्याच नेटवर सिनेमे बघत बसायचे. शेवटी एका सकाळी नवऱ्याने वैतागून वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदलून टाकली.

"आता बसा म्हणावं बोंबलत," ते म्हणाले.

बोंबलायला सुरुवात आमच्याच घरातून झाली. टीव्ही चालेना. माझ्या मोबाईलला नेट येईना. अंगणातला कॅमेरा बंद. गच्चीवरच्या सोलरची वीज किती झाली ते दिसेना. मी भिगवणला खतांच्या दुकानात हिशेबाचं काम करते. निघायला उशीर होत होता, तरी एकेक वस्तू हातात घेऊन नवा पासवर्ड घालत गेले. सगळ्यात जास्त डोकं खाल्लं मधल्या खोलीतल्या छोट्या डबीने. राउटरची रेंज मागच्या खोल्यांपर्यंत जेमतेम निरोपापुरतीच पोहोचते, म्हणून प्लगमध्ये ही डबी लावलेली. ती राउटरकडून नेट घेते आणि स्वतःच्या नावाने पुढे देते. त्यामुळे मोबाईलवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसत होत्या आणि उघडत काहीच नव्हतं. मोबाईल डबीला जोडलेला होता, डबी मात्र अजून जुन्या नावाच्या वायफायला शोधत बसली होती. तिला नवं नाव सांगितलं तेव्हा मागच्या खोल्या सुरू झाल्या.

राहिले दोन सेन्सर. एक पुढच्या दाराला, एक मागच्या. हे नणंदेने बसवून घेतले होते. ती बारामतीला असते. दोन वर्षांपासून आबांना विसरायला व्हायला लागलं होतं. नावं विसरले, जेवलेलं विसरले, आणि मग आपण आता मेंढपाळ नाही हेही विसरले. उठायचे, काठी घ्यायचे आणि निघायचे. दाराला कुलूप घातलं की हात फुटेपर्यंत दार बडवायचे. डॉक्टर म्हणाले, कोंडू नका, लक्ष ठेवा. म्हणून सेन्सर. दोन छोटे तुकडे, एक चौकटीला, एक दाराला. दार उघडलं की तुकडे लांब जातात आणि आमच्या तिघांच्या मोबाईलवर एकदम निरोप येतो: दार उघडलं.

पुढचं दार दिवसातून कितीतरी वेळा उघडतं. पासवर्ड बदलल्यावर तिथला निरोप यायचा थांबला, ते दुपारच्या आतच नवऱ्याच्या लक्षात आलं. त्यांनी त्याचं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकायला लागल्यावर नवा पासवर्ड दिला आणि काम झालं. मी संध्याकाळी आल्यावर विचारलं, "आणि मागचं?"

"मागचं चालू हाय की. हे बघ." त्यांनी मोबाईल पुढे केला. मागचं दार, बंद. बॅटरी भरलेली.

दार खरोखरच बंद होतं. ते आमच्याकडे बंदच असतं. त्या दाराबाहेर मेंढरांचा वाडा होता. मेंढरं विकली त्या दिवशी सासूबाईंनी रिकामा वाडा बघायला नको म्हणून दार लावून घेतलं, आणि तेव्हापासून ते कुणी वापरलं नाही. दसऱ्याला त्याला आतून तोरण लागतं, कडीला तेल लागतं, एवढंच. सासूबाई गेल्या तरी रीत राहिली. शेजारणी अजूनही आमच्या मागच्या बाजूने येत नाहीत, वळसा घालून पुढून येतात.

पुढे एका मंगळवारी दुपारी दुकानात नवऱ्याचा फोन आला. "आबा तुझ्याबरोबर न्हायीत ना?"

ते माझ्याबरोबर कसे असतील? मी स्कूटर काढली. घरी पोहोचले तेव्हा नवरा गच्चीवरून खाली येत होता. ते उसाला पाणी धरून आल्यावर जरा पडले होते, उठून बघतात तर आबांची खाट रिकामी.

"पुढनं गेलेच न्हायीत," ते म्हणाले. "कॅमेऱ्यात कुणी दिसत न्हाय. मागचं बी बंद दाखवतंय. म्हंजे हितंच हायीत, घरातच."

ते तासभर घरातच शोधत होते. माळा, मोरी, धान्याच्या कोठीमागची जागा. एकदा तर दिवाणाच्या खालचा कप्पाही उघडून बघितला. मोबाईल सांगत होता की दोन्ही दारं बंद आहेत आणि त्यावर त्यांचा विश्वास होता.

मी मागच्या दाराशी गेले. दार लागलेलं होतं, पण आतली कडी निघालेली होती. कोपऱ्यात काठी नव्हती.

"अहो, इकडे या," मी ओरडले. "कडी बघा."

त्यांनी कडी बघितली, मग मोबाईल बघितला, मग परत कडी.

"पण दार तर वढून घेतल्यालं हाय."

"वाडा उघडा टाकून मेंढपाळ जातो का कधी? बाहेर पडल्यावर ओढून घेतलं असेल त्यांनी."

मी दार पूर्ण उघडलं. दोघंही मोबाईलकडे बघत उभे राहिलो. निरोप आला नाही. दार आमच्या डोळ्यांसमोर सताड उघडं आणि मोबाईलवर मागचं दार, बंद.

मागच्या बाजूला ऊस, उसापलीकडे उतार आणि उताराला उजनीचं पाणी. आबा तरुण असताना तिथे पाणी नव्हतं, चराई होती. धरण भरलं तसं कुरण खाली गेलं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळून भेगा पडलेला, चालण्यासारखा वाटणारा. खाली तो लोण्यासारखा असतो. आम्ही दोघं बांधाबांधाने पळत गेलो. नवरा सारखा म्हणत होता, "लांब न्हाय गेले, लांब न्हाय गेले."

मासे धरणाऱ्या दोघांना ते आमच्याआधी सापडले होते. छातीपर्यंत गाळात. दोरी आणि होडीची फळी टाकून त्यांनी वर ओढलं होतं. तोंडाला, कानाला, पापण्यांना गाळ. खुब्याचं हाड मोडलेलं, ते नंतर कळलं. काठी सापडली नाही.

"म्हातारं हाका मारत हुतं म्हनून कळलं," त्यांतला एक म्हणाला. "आमाला वाटलं मेंढरं हायीत संगट. हुर्र हुर्र चाललं हुतं."

बारामतीच्या दवाखान्यात नणंद आमच्याआधी येऊन उभी होती. बापाला आत नेल्यावर ती भावाकडे वळली.

"दादा, माझ्या मोबाईलवर काय आलं न्हाय. का आलं न्हाय?"

"पासवर्ड बदलला हुता."

"आणि सेन्सर?"

"पुढचा केला ना. मागचा बंद दाखवत हुता. दार बंद, म्हणून बंद."

"बंद दाखवत न्हवता रं, जुनंच धरून बसला हुता!" ती ओरडली तशी बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "सेलवरचा हाय त्यो. दिवसरात जागा न्हाय ऱ्हात. दार हाललं की उठतो, निरोप देतो आणि झोपतो. पुढचा निरोप येईस्तोवर मोबाईल आधीचाच दाखवत ऱ्हातो. तू दार हालवून बघितलंस का एकदा तरी?"

"आईनं ते दार..."

"आईला नको आणू हितं."

नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, "वन्सं, घरी जाऊन रागवा. इथं नको." ती माझ्यावरही रागावली. "वहिनी, तुमी गप ऱ्हावा." तिच्या जागी मीही तेच बोलले असते.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला घरी आले, तेव्हा मी दाराच्या सेन्सरला हात लावण्याआधी नणंदेला फोन केला. म्हटलं, आणखी काय अडकलंय ते मला आजच कळलं पाहिजे. रागात होती, तरी तिने नीट सांगितलं. राउटरवर पाहुण्यांसाठी म्हणून दुसरं वायफाय चालू करता येतं. त्याला जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्यायचा. जे जे अजून जुन्याला धरून बसलंय ते आपण होऊन तिथे येऊन चिकटेल, आणि कोण आलं ते राउटर दाखवील.

"पन बसून वाट बघू नका," ती म्हणाली. "झोपल्यालं येणार न्हाय. घरातली एकूणएक वस्तू चालवून बघा."

तसं केलं. पहिल्यांदा भिंतीपलीकडच्या पोरांचे मोबाईल आले, जुनं नाव दिसताच. त्यांना बाहेर जाऊन हाकललं. मग घरभर फिरले. टीव्ही, कॅमेरा, डबी, सोलर नव्या वायफायवर होते. कपाटातला जुना टॅब चार्ज करून चालू केला, तो जुन्यावर आला. आबांच्या खोलीतला बल्ब मोबाईलवरून लागायचा. पासवर्ड बदलल्यापासून आम्ही तो भिंतीच्या बटणानेच लावत होतो. बटण दाबलं, तोही जुन्यावर आला. शेवटी मागचं दार उघडलं. क्षणभरात तिसरं नाव आलं आणि माझ्या हातातला मोबाईल वाजला: मागचं दार उघडलं.

जुन्या पासवर्डवर तो व्यवस्थित चालत होता. त्याच्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

तिन्हींना नवा पासवर्ड दिला. सेन्सरचं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला. मग जुन्या नावाचं वायफाय कायमचं बंद केलं आणि दार पुन्हा उघडून बघितलं. निरोप आला. बारामतीहून नणंदेचाही फोन आला, "आला." एवढं म्हणून तिने ठेवून दिला.

आबा घरी आले ते स्ट्रेचरवर. खुबा जोडला, पण फुप्फुसांत गाळाचं पाणी गेलेलं, ताप हटायला वेळ लागला आणि तोवर पायांतलं होतं नव्हतं ते बळ गेलं. आता ते कुशीवर वळायलाही आमची वाट बघतात. काठी मागत नाहीत. कुठे जायचंय असं म्हणत नाहीत.

त्यांच्या चादरी आणि दुपटी दिवसातून दोनदा धुवावी लागतात. पुढच्या अंगणात ते सगळं वाळत घालणं बरं दिसत नाही, म्हणून मी मागे वाड्याच्या खांबांना दोरी बांधली. सासूबाईंची रीत मी मोडली, कुणी काही बोललं नाही. मागचं दार आता सकाळ-संध्याकाळ उघडतं. दर वेळी तिघांचे मोबाईल वाजतात. नवऱ्याने एकदा म्हटलं, "काढून टाकू का ते? आता काय उपयोग?"

"राहू द्या," मी म्हटलं.

बादली घेऊन मी दार उघडते. मोबाईल वाजतो. बारामतीला नणंदेचाही वाजत असणार. दुपटी झटकून दोरीवर टाकते आणि आत येऊन दार ओढून घेते.